खाली लिहिलं होतं, पण फोटोत स्टँड होता

प्रश्न : मिरजेत आमचं वाद्यांचं लहानसं दुकान आहे. एका शॉपिंग साइटवर आम्ही ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड ६,४९० रुपयांना विकतो. फोटोत कीबोर्ड स्टँडवर ठेवलेला आहे आणि वर 'घरी आणा, लगेच वाजवा' अशी पट्टी आहे. स्टँड, अडॅप्टर आणि सेल यात येत नाहीत हे वर्णनाच्या शेवटी इंग्रजीत लिहिलं आहे. ठाण्याच्या एका बाईंनी मुलीच्या वाढदिवसाला तो मागवला आणि दुसऱ्याच दिवशी परत घ्या म्हणाल्या. 'लिहिलेलं वाचा' असं कळवून आम्ही नकार दिला. आता वकिलाची नोटीस आली आहे : पूर्ण रक्कम, मनस्तापाचे २५,००० आणि खर्चाचे ८,००० रुपये, तेही पंधरा दिवसांत. लिहिलेलं असूनही आमची चूक कशी? – एक वाद्यविक्रेता, मिरज

उत्तर : तुम्ही पाठवलेली लिंक मी माझ्या मोबाइलवर उघडली. आधी फोटो दिसला, मग किंमत, मग खरेदीचं बटण. तुमचं ते वाक्य सापडायला 'आणखी वाचा' दाबून दुकानाचा इतिहास, तिन्ही शाखांचे पत्ते आणि वॉरंटीच्या अटी एवढं सगळं ओलांडावं लागलं. ते वाक्य तिथे आहे, हे मान्य. पण ग्राहक आयोगापुढे प्रश्न 'कुठे तरी लिहिलं होतं का' असा नसतो. बटण दाबेपर्यंत साध्या ग्राहकाची समजूत काय झाली असती, हे तिथे पाहिलं जातं.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधली जाहिरातीची व्याख्या फार ऐसपैस आहे. प्रकाश, आवाज, अगदी धूर आणि वायू यांच्या मार्फत केलेली प्रसिद्धीही तीत येते. त्यामुळे वेबसाइटवरचा फोटो आणि त्यावरची पट्टी ही जाहिरातच ठरते, 'तो नुसता फोटो होता' म्हणून सुटता येत नाही. त्याच कायद्याच्या कलम २(२८) मध्ये दिशाभूल करणारी जाहिरात कोणती ते सांगितलं आहे. वस्तूच्या स्वरूपाबद्दल किंवा प्रमाणाबद्दल ग्राहकाची फसगत होण्याचा संभव असेल, तर तेवढं पुरतं. खोटं बोलण्याचा हेतू प्रत्येक वेळी सिद्ध करावा लागत नाही. तुमचा हेतू वाईट नव्हता यावर माझा विश्वास आहे, पण तो बचाव इथे अर्धाच चालतो.

आता स्टँड, अडॅप्टर आणि सेल हे तिन्ही एका पारड्यात टाकू नका, कारण तिघांचं वजन वेगळं आहे.

सेलचं सगळ्यात हलकं. खेळण्यात किंवा रिमोटमध्ये सेल नसतात, हे ग्राहकाला सवयीनं माहीत असतं. नोटिशीत फक्त सेलचा मुद्दा असता, तर लढा म्हणून मी बिनधास्त सांगितलं असतं.

अडॅप्टरचं तसं नाही. तो नसेल आणि सेलही नसतील, तर खोक्यातून निघालेला कीबोर्ड म्हणजे प्लास्टिकची फळी. वस्तू चालवायला जे लागतंच, ते सोबत नाही ही माहिती किरकोळ म्हणता येणार नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मधल्या नियम ६ नुसार, खरेदीपूर्वी ग्राहकाला समजून-उमजून निर्णय घेता यावा इतका तपशील देणं ही विक्रेत्याची, म्हणजे तुमची, जबाबदारी आहे. त्यात तुमच्या पट्टीवर लिहिलंय 'लगेच वाजवा'. कशानं वाजवायचा?

स्टँडबाबत तुमची बाजू सगळ्यात पडकी आहे. खरं तर स्टँडवाचून कीबोर्ड टेबलावर ठेवून वाजवता येतो, म्हणजे तो अत्यावश्यक नाही. पण तुम्ही तो फोटोत दाखवलात. जे दाखवलं ते मिळणार, असं गिऱ्हाईक धरून चालतं. साइटनं फोटो मंजूर केला होता, असं तुम्ही फोनवर म्हणालात. त्याच नियमांतला नियम ५ वाचा. वस्तूचं वर्णन आणि छायाचित्रं प्रत्यक्ष वस्तूशी जुळतील, अशी हमी साइटनं प्रत्येक विक्रेत्याकडून घ्यायची असते. नोंदणी करताना तुम्ही ज्या लांबलचक मजकुराखाली 'मान्य' केलंत, त्यात बहुधा ही हमी असेलच. ती साइटच्या बाजूनं जाते, तुमच्या नाही.

मग शेवटच्या त्या वाक्याचं काय? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ९ जून २०२२ रोजी दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वं काढली. खुलासा कसा असावा, यावर त्यात स्वतंत्र कलम आहे. खुलाशानं दाव्यातली संदिग्धता दूर करावी, एखादी मर्यादा सांगावी, पण मूळ दाव्याला छेद देऊ नये. चुकीचा समज आधी उभा करून मग खुलाशानं तो दुरुस्त करू पाहणंही त्यात बसत नाही. शिवाय दावा ज्या भाषेत असेल त्याच भाषेत खुलासा हवा. तुमची पट्टी मराठीत आणि खुलासा इंग्रजीत आहे. समोरच्या वकिलाच्या नोटिशीत हा मुद्दा नाही, हे तुमचं नशीब. तक्रारीत तो येणारच नाही असं समजू नका.

खोक्यावर '१ नग' छापलंय, हेही तुम्ही विचारलं होतंत. वैधमापनशास्त्राच्या वेष्टित वस्तूंच्या नियमांप्रमाणे ती मोजणी छापावीच लागते, पण आत कीबोर्ड एक आहे एवढंच तिच्यातून कळतं. सोबत काय नाही, हे त्यावरून कुणालाच कळणार नाही. आणि खोकं हातात येतं ते पैसे दिल्यानंतर.

एवढं सगळं असूनही प्रकरण जाहिरातीमुळे चिघळलेलं नाही, ते तुमच्या दुसऱ्या दिवशीच्या उत्तरामुळे चिघळलं आहे. जाहिरातीत दाखवलेल्या वैशिष्ट्यांप्रमाणे वस्तू नसेल, तर विक्रेत्यानं ती परत घ्यायला नकार देऊ नये, असं नियम ६ स्पष्ट सांगतो. बाईंनी दुसऱ्याच दिवशी कळवलं होतं, कीबोर्ड वापरलेलाही नव्हता. तेव्हा परत घेतला असता, तर जाण्यायेण्याच्या कुरिअरवर भागलं असतं.

पुढे गेलात तर काय होईल, तेही पाहा. बाई ठाण्यात राहतात, म्हणून तक्रार ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाखल होऊ शकते. कलम ३४ ग्राहकाला ती मुभा देतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही, आणि तक्रार ऑनलाइन करता येते. त्यांना घरबसल्या जमेल ते तुम्हाला मिरजेहून तारखांना जाऊन किंवा तिथे वकील लावून करावं लागू शकतं. मनस्तापाचे २५,००० मला अवाजवी वाटतात, आणि आयोग नोटिशीतला आकडा जसाच्या तसा देईलच असं नाही. पण 'वाचा की' असं लिहिणाऱ्या विक्रेत्याबद्दल सहानुभूती कमीच असते. तुमचा तो मेसेज पुराव्यात सगळ्यात वर लागेल.

म्हणून हिशेब मांडू. तुम्ही दिलेल्या खरेदीदराप्रमाणे स्टँड ७००, अडॅप्टर ३५०, सहा सेल १२० आणि कुरिअर साधारण २५०. म्हणजे १,४२० रुपये. नोटिशीच्या उत्तरात दोन पर्याय द्या : एक तर ही तिन्ही वस्तू विनामूल्य पाठवतो आणि कीबोर्ड ठेवा, नाही तर आमच्या खर्चानं कीबोर्ड परत न्यायला माणूस पाठवतो आणि ६,४९० रुपये सात दिवसांत परत करतो. निवड बाईंची. नोटिशीच्या खर्चापोटी माफक रक्कम द्यायची तयारी ठेवा, पण आकडा पहिल्या पत्रात लिहू नका. मजकूर साधारण असा चालेल :

'आपल्या अशिलांना झालेल्या गैरसोयीची आम्हाला जाणीव आहे. आमचे सर्व हक्क व बचाव अबाधित राखून, आणि नोटिशीतील आरोप मान्य न करता, प्रकरण सामोपचारानं मिटावं म्हणून आम्ही पुढील दोनपैकी कोणताही एक पर्याय देऊ करत आहोत.'

'लिहिलं होतं' हे वाक्य पत्रात एकदाही नको. पत्र वकिलांना ईमेलनं पाठवा आणि स्पीड पोस्टनंही, पोचपावती जपून ठेवा. त्याआधी आजच्या जाहिरातीचे सगळे स्क्रीनशॉट मोबाइलवरून आणि संगणकावरून तारखेसह काढून ठेवा. मग लगेच जाहिरात बदला. जुनी गुपचूप पुसून टाकली आणि समोरच्याकडे तिची प्रत निघाली, तर ते वाईट दिसतं.

बदलताना 'इतर साहित्य वेगळे' असली मोघम भाषा टाळा. 'फोटो केवळ संदर्भासाठी' हेही काढा, त्यानं कुणाची सुटका झालेली मी पाहिलेली नाही. शीर्षकातच लिहा : '६१ पट्ट्यांचा कीबोर्ड, फक्त कीबोर्ड (स्टँड, अडॅप्टर, सेल नाहीत)'. वर्णनाची पहिलीच ओळ : 'खोक्यात मिळेल : कीबोर्ड, नोटेशन ठेवायची पट्टी, माहितीपुस्तिका. मिळणार नाही : स्टँड, अडॅप्टर, सेल. वाजवण्यासाठी अडॅप्टर किंवा ६ पेन्सिल सेल लागतील.' फोटोतून स्टँड काढा. दुसऱ्या फोटोत खोक्यातल्या वस्तू टेबलावर मांडून दाखवा, तेवढ्याच. युरोपीय संघात २८ डिसेंबर २०२४ पासून मोबाइलच्या खोक्यावर चार्जर आत आहे की नाही, हे दाखवणारं प्लगचं चित्र असावं लागतं. नसेल तर प्लगवर फुली. आपल्याकडे तशी सक्ती नाही, पण दुसऱ्या फोटोवर स्टँडच्या चित्रावर फुली मारायला तुम्हाला कुणी अडवलेलं नाही.

अडॅप्टर देत नसाल, तर कोणता घ्यावा हे मात्र नेमकं लिहा : व्होल्ट किती, अँपिअर किती आणि पिनचं मधलं टोक धन की ऋण. बाजारात ९ आणि १२ व्होल्टचे अडॅप्टर एकसारख्याच पिनेचे मिळतात. माहितीअभावी गिऱ्हाइकानं चुकीचा लावला आणि कीबोर्ड जळला, तर वाद स्टँडपेक्षा मोठा होतो. अडॅप्टर स्वतः विकायचा असेल, तर खाली वेगळा पर्याय म्हणून द्या. तो बास्केटमध्ये आपोआप पडेल अशी युक्ती कुणी सुचवली तर नको म्हणा. त्याच केंद्रीय प्राधिकरणाच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत, ग्राहकाच्या संमतीवाचून बास्केटमध्ये वस्तू घालणं ही निषिद्ध क्लृप्ती म्हणून नोंदलेली आहे.

पत्र पाठवण्याआधी बाईंच्या वकिलांना एकदा फोन करा. स्टँड-अडॅप्टर पाठवल्यावर मिटतंय असं दिसलं, तर लेखी समझोता घ्या, आणि त्यात 'या व्यवहाराबाबत यापुढे कोणतीही तक्रार राहिलेली नाही' ही ओळ असू द्या. नाहीच मिटलं आणि आयोगाकडून तक्रारीची नोटीस आली, तर लेखी उत्तराला ३० दिवस मिळतात, आयोगानं वाढवून दिले तर आणखी १५. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २०२० मध्ये सांगितलं आहे की त्यापुढे एक दिवसही मिळत नाही. ते पाकीट दुकानात आलं, की बिलांच्या गठ्ठ्यात न ठेवता त्याच दिवशी मला कळवा.