तहम्मुल, हमाल आणि तहामील

प्रश्न : "आम्ही रियाधला असतो, गुरुवारी कंबरदुखीसाठी माझं पहिलंच व्हिडिओ कन्सल्टेशन आहे आणि ॲप सगळं अरबीत. इन्शुरन्सच्या पानावर نسبة التحمل ٢٠٪ असं दिसतं. शेजारची लखनौची भाभी म्हणते तहम्मुल म्हणजे सहनशीलता. मग कंपनी २०% सोसणार की आम्ही? नवऱ्याच्या जुन्या प्रिस्क्रिप्शनमधे تحاميل आहे, ते यातलंच का? आणि अपॉइंटमेंट रात्री साडेबाराची का दाखवतंय?"

२०% तुम्हीच सोसायचे, ताई. भाभींचं चुकलेलं नाही, उर्दूत तहम्मुल म्हणजे सहनशीलताच, पण अरबीत मूळ अर्थ ओझं अंगावर घेणं. ह, म, ल ही तीन अक्षरं जिथे येतात तिथे बहुतेक काहीतरी उचलायचं असतं, आपला हमाल त्यातलाच, आणि हमलाही त्याच घरातला. तर 'निस्बत अत्-तहम्मुल' म्हणजे बिलातला जो टक्का पेशंटच्या डोक्यावर येतो तो. इथे कंपनीची बाजू नसतेच, कंपनीचा वाटा दाखवायचा असेल तर बहुधा التغطية, तग्तिया, म्हणजे कव्हर, असा शब्द येतो. त्यामुळे २०% बघून 'एवढंच देतात?' म्हणून घाबरायचं कारण नाही, उरलेले ८० त्यांचे.

त्या ओळीच्या आसपास بحد أقصى असं काही आहे का बघा. 'हद्द' आपल्याच ओळखीची, आणि अक्सा म्हणजे टोकाची. समजा بحد أقصى ١٠٠ ريال असं लिहिलंय आणि कन्सल्टेशनची फी 150 रियाल आहे, तर तुमचे 20 टक्के म्हणजे 30 रियाल, हद्दीच्या आतच आहेत, 30 द्यायचे. पण तेच बिल 800 चं झालं तर 20 टक्के 160 होतात, तिथे हद्द आडवी येते आणि तुमचे 100 वरच थांबतात, बाकीचे कंपनीचे. आणि एखाद्या गोष्टीपुढे غير مشمول दिसलं तर टक्केवारीचा विचारच सोडा. गैर म्हणजे आपल्या गैरहजरमधलं गैर, आणि मश्मूल हा आपल्या 'सामील'चा भाऊ. ती गोष्ट कव्हरमधे नाही, पूर्ण पैसे तुमचे.

कधी कधी قيد المراجعة असंही येतं, कैद अल्-मुराजआ. तुमचा अर्ज तपासणीच्या कैदेत आहे असं समजा, नाकारलेला नाही. नाकारला तर مرفوض येतं.

आता जुनं प्रिस्क्रिप्शन. تحاميل चं मूळ तेच ह-म-ल, पण तहम्मुलशी देणंघेणं शून्य. तहमीला म्हणजे सपोझिटरी, गुदमार्गातून घ्यायची वात, आणि तहामील हे त्याचं अनेकवचन. म्हणजे नवऱ्याला दिलेलं औषध तोंडाने घ्यायचं नव्हतंच. गोळी असती तर أقراص किंवा حبة दिसलं असतं. तुम्हालाही कंबरेसाठी हेच मिळू शकतं, डायक्लोफेनॅकच्या 100 मिलिग्रॅमच्या वाती सर्रास लिहितात, उदाहरणार्थ अशी ओळ असेल :

تحميلة واحدة قبل النوم لمدة ٥ أيام

एक वात, झोपण्याआधी, पाच दिवस. यातलं لمدة म्हणजे आपलं 'मुदत', एकदा ओळखलं की विसरायला होत नाही.

गंमत अशी की ॲप उघडताना गोल फिरत असतं तिथे جاري التحميل लिहिलेलं असतं, जारी-त्-तहमील. 'लोड होतंय', बस, 'जारी' तर मराठीतच आहे. आणि रिपोर्टच्या बटणावर تحميل असेल तर ते उतरवून घ्यायचं बटण. आता हे सगळे एकसारखे दिसतात ना, मग ओळखायचे कसे? अरबीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीतच नाहीत, त्यामुळे تحمل वाचताना उच्चार मनानेच भरायचा असतो, पण सुरुवातीचं ال, म्हणजे 'अल्', सोडून बघितलं तर एक खूण पक्की आहे. शब्दाच्या मधे खाली दोन ठिपके असलेला छोटासा दात (ي) दिसला आणि त्याच्या आधी उभी रेघ नसेल तर तहमील, म्हणजे लोडिंग, फक्त शेवटी ة असेल तर तहमीला, एक वात. दात आहे आणि आधी उभी रेघही (ا) आहे तर तहामील, वाती. दात नाही, रेघ नाही, शेजारी ٪ किंवा ريال आहे, तर तहम्मुल, पैसे.

यापेक्षा जास्त लक्ष द्यायची जागा म्हणजे कॉलच्या आधी भरायचा प्रश्नांचा फॉर्म. त्यात हा प्रश्न येऊ शकतो : هل أنتِ حامل؟ हामिल म्हणजे वाहणारी, म्हणजे गरोदर, 'तुम्ही गरोदर आहात का'. पण इन्शुरन्सच्या पानावर حامل الوثيقة असतो तो पॉलिसीधारक, आणि स्पेलिंग हुबेहूब तेच. तुमची पॉलिसी नवऱ्याच्या नावावर असणार, तुम्ही त्यावर अवलंबित, म्हणून कोणी 'हामिल मी नाही, तो आहे' असं म्हणून لا, म्हणजे 'नाही', वर टिचकी मारेल, आणि नेमकी ती बाई गरोदर असेल तर? डायक्लोफेनॅकसारखी दुखण्याची औषधं गरोदरपणात, विशेषतः 20 आठवड्यांनंतर, टाळतात, बाळाच्या किडनीवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. म्हणजे एका टिचकीने डॉक्टरांना चुकीची माहिती जाते. ओळीच्या सुरुवातीला هل आणि शेवटी उलटं प्रश्नचिन्ह असेल तर तो प्रश्न तुमच्या तब्येतीचा आहे, कार्डाचा नाही. शंका असेल तर कॉलवर तोंडी सांगाच, गरोदर आहात की नाही, आणि आत्ता कुठली औषधं चालू आहेत तेही.

आणि हो, तुमची साडेबाराची वेळ. स्क्रीनवर ٥:٣٠ م असं असणार. अरबी पाच आपल्या शून्यासारखा गोल असतो, म्हणून मराठी डोळ्याला तो ०:३० वाटतो. त्यांचं शून्य म्हणजे नुसता ठिपका. तीन आपल्या ३ च्या जवळपास जातो, म्हणून फसवणूक पूर्ण होते. शेवटचा م म्हणजे मसाअन्, संध्याकाळ, सकाळ असती तर ص असतं. तेव्हा अपॉइंटमेंट गुरुवारी संध्याकाळी साडेपाचची. वरच्या औषधाच्या ओळीतलं ٥ أيام पण याच नजरेने बघा, नाहीतर शून्य दिवसांचं औषध काय कामाचं. अंक मात्र डावीकडूनच वाचायचे, ٢٠ म्हणजे वीसच, भोवतीचं वाक्य उजवीकडून चाललेलं असलं तरी.