१६० पृष्ठांच्या कथासंग्रहाच्या ५०० प्रती स्वतः छापल्या तर एका प्रतीला किती खर्च येतो? कागद आणि बाइंडिंगने किती फरक पडतो?

मी छापखान्यात कोटेशनं काढतो. खालचे दर हिशोब कळावा म्हणून धरलेत; तुमच्या गावचे दर विचारून घाला, पद्धत तीच राहील.

आधी कागद. डेमी, म्हणजे साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच आकाराच्या पुस्तकात २३ बाय ३६ इंचाच्या एका शीटवर दोन्ही बाजू मिळून ३२ पृष्ठं बसतात. म्हणजे १६० पृष्ठांना प्रतीमागे ५ शीट, ५०० प्रतींना २५०० शीट, म्हणजे ५ रीम. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन; एका रीमचं वजन किलोत काढायला २३ × ३६ × जीएसएम ÷ ३१००. ७० जीएसएमला ते १८.७ किलो येतं, पाच रीमचे ९४ किलो. मशीन लावताना वाया जाणारा कागद धरून १०० किलो घ्या. किलोला ९० रुपये धरले तर प्रतीमागे १८ रुपये. ८० जीएसएम घेतला तर साधारण साडेवीस. अडीच रुपयांसाठी पातळ कागदावर जाऊ नका. ६० जीएसएमला मागच्या पानाचा मजकूर पुढे दिसतो.

खरी गंमत प्रतींच्या संख्येत आहे. पाच शीटच्या दोन बाजू, प्रत्येक बाजूला छपाईची एक प्लेट, म्हणजे १० प्लेटी. छपाईचा दर बहुतेक ठिकाणी हजारी असतो, ५०० छापा की १०००, पैसे हजाराचेच. प्लेटी आणि छपाई ८०००, रंगीत कव्हरच्या प्लेटी-छपाई ४०००, असे १२,००० रुपये प्रती कितीही कमी असल्या तरी लागणारच. त्याउलट ७० जीएसएमचा कागद १८, कव्हरचा कार्ड आणि लॅमिनेशन ६, परफेक्ट बाइंडिंग १० असे ३४ रुपये प्रत्येक प्रतीला.

आता ५०० प्रतींना २४ + ३४ = ५८ रुपये. १००० काढल्या तर ४६, २०० काढल्या तर ९४. डिजिटल छपाईत प्लेटी लागत नाहीत; तिथे पृष्ठाला ५० पैसे आणि कव्हर-बाइंडिंगचे २५ धरले तर प्रत १०५ रुपयांना पडते, मग १० छापा की १००. या दरांनी साधारण १७० प्रतींपर्यंत डिजिटलच स्वस्त. हजारचा ४६ चा आकडा बघून मात्र हुरळू नका: एकूण बिल २९ हजारांवरून ४६ हजारांवर जातं, आणि उरलेले गठ्ठे तुमच्याच घरात राहतात.

परफेक्ट बाइंडिंगमध्ये पाठ घासून गरम गोंद लावतात. गोंद हलका असला की पुस्तक सपाट उघडताच पानं सुटतात, म्हणून छापखान्याचं जुनं पुस्तक मागून मधोमध पूर्ण उघडून बघा. फॉर्म, म्हणजे घडी घातलेले पानांचे जुडगे, शिवून घेतले तर काही रुपये वाढतात, पण १६० पृष्ठांच्या कथासंग्रहाला चांगलं परफेक्ट पुरतं.

पृष्ठं मात्र १६ च्या पटीत बसवा. १६४ झाली तर त्या चार पृष्ठांसाठी वेगळी प्लेट आणि मशीनची वेगळी फेरी लागते. प्रस्तावना आवरा किंवा अक्षर अर्ध्या पॉइंटने लहान करा, आणि कोटेशन मागताना जीएसटी धरलाय का ते लेखी घ्या.