लिटरेचर सर्चची कामं घरून करताना कुठे थांबायचं?

प्रश्न: मी रत्नागिरीत राहते, बॉटनीत एमएस्सी झालंय. घरून विद्यार्थ्यांना आणि छोट्या कंपन्यांना रेफरन्स शोधून देणं, समरी करून देणं अशी कामं घ्यायचा विचार आहे. नेमकं काय करावं लागतं आणि कुठे थांबायचं?

उत्तर: मी कुडाळातून हेच काम करतो. शोधणं सरावाने जमतं, पण गिऱ्हाईक बऱ्याचदा उत्तर आधीच ठरवून येतं आणि त्याला फक्त पुरावा हवा असतो, खरा कस तिथे लागतो. एक केस सांगतो.

कोकम सिरप बनवणारे एक काका आले, म्हणाले बाटलीवर 'वजन घटवते' असं छापायचंय, चार-पाच रिसर्च पेपर काढून द्या. मी आधी त्यांच्याशी बोलून प्रश्न लिहून काढला: कोकमाचं सरबत प्यायल्याने माणसांचं वजन कमी होतं का? यात कोकम, सरबत आणि माणसं हे तिन्ही शब्द महत्त्वाचे, कारण पुढे मिळालेला प्रत्येक पेपर या तिन्हींवर तपासायचा असतो. मग पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या डेटाबेसवर असं टाकलं:

```
("Garcinia indica" OR kokum) AND (obesity OR "body weight")
```

नुसतं Garcinia टाकून माणसांवरच्या चाचण्या शोधायला गेलं की बहुतेक गार्सिनिया कम्बोजियावरच्या निघतात, म्हणजे केरळात माशाच्या कालवणात घालतात ती कुडमपुळी, आपलं कोकम नव्हे. दोन्हींत वजन घटवतं म्हणून विकलं जाणारं हायड्रॉक्सीसायट्रिक अ‍ॅसिड असतं म्हणून वेबसाइटवाले दोन्ही एकत्र करून टाकतात. शिवाय कम्बोजियाचं आताचं नाव गार्सिनिया गम्मी-गुट्टा आहे, त्यामुळे एकाच नावाने शोधलं तर काही पेपर हुकतात. तुम्ही बॉटनीच्या, ही गोष्ट तुमच्या लगेच लक्षात येईल, हाच तुमचा फायदा.

त्यातला एक पेपर १९९८ चा, जामा या जर्नलमधला. १३५ जणांवर १२ आठवडे चाचणी, कम्बोजियाचा अर्क घेणाऱ्यांना रोज १५०० मिलिग्रॅम हायड्रॉक्सीसायट्रिक अ‍ॅसिड. त्यांचं वजन सरासरी ३.२ किलो कमी झालं. एवढंच वाक्य उचललं तर बाटलीवर छापायला तयार! पण नुसत्या डमी गोळ्या घेणाऱ्यांचं ४.१ किलो कमी झालं होतं, कारण दोन्ही गटांना कमी कॅलरीचा आहार दिलेला होता. फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने ग्राह्य नव्हता, म्हणजे अर्काचा उपयोग दिसला नाही. म्हणून समरी लिहिताना मी प्रत्येक पेपरसाठी कोणावर, काय आणि किती दिलं, कशाशी तुलना केली, किती दिवस आणि पैसे कोणी दिले एवढं आधी लिहितो, निष्कर्ष शेवटी, आणि हे सगळं नुसत्या अ‍ॅब्स्ट्रॅक्टवरून भरत नाही, मेथड्सचा भाग उघडून वाचतो.

मग गूगल स्कॉलरवर त्या पेपरखालचं `Cited by` उघडलं की नंतर कोणी काय म्हटलं ते कळतं. २०११ ची एक मेटा-अ‍ॅनालिसिस आहे, अनेक चाचण्या एकत्र करून सरासरी फरक ०.८८ किलो निघाला, आणि फक्त काटेकोर चाचण्या घेतल्या तर तोही टिकला नाही. हे सगळं अर्काच्या गोळ्यांवर, साखर घातलेल्या सरबतावर नाही.

काकांना मी लिहून दिलं की तुमच्या दाव्याला आधार देणारा माणसांवरचा पुरावा मला सापडला नाही, कुठे कोणते शब्द टाकून शोधलं, कोणते पेपर का वगळले, त्याचा तक्ता सोबत जोडला. ते नाराज झाले, 'फायद्याचे तेवढेच द्या' म्हणाले. मी नाही म्हटलं. अन्नपदार्थांवरच्या दाव्यांसाठी एफएसएसएआयचे २०१८ चे नियम आहेत, त्यात लेबल बसतं का हे फूड कन्सल्टंटलाच विचारा असं सांगितलं, ते माझं काम नाही. म्हणूनच फी 'पेपरमागे' ठरवू नका, शोधाच्या कामाची ठरवा, आणि निष्कर्ष कोणत्या बाजूचा येईल याची हमी नाही हे आधी लेखी घ्या.

विद्यार्थ्यांचं वेगळं. शब्द सुचवणं, कृषीकोशवर दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे प्रबंध आणि शोधगंगेवर बाकीचे काढून देणं, रेफरन्स सांभाळायचं झोटेरो हे सॉफ्टवेअर शिकवणं हे करा. 'रिव्ह्यूचं चॅप्टर लिहून द्या' म्हटलं की नको. तुम्ही नव्याने लिहिलेलं चोरी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सापडणार नाही कदाचित, युजीसीचे २०१८ चे नियम १० टक्क्यांपुढच्या साम्यावर कारवाई सांगतात तेवढं टळेलही, पण चॅप्टर त्याच्या नावावर जातं आणि व्हायव्हात त्याला उत्तर देता येत नाही. मी त्याला यादी आणि माझ्या नोंदी देतो, परिच्छेद त्यालाच लिहायला लावतो, आणि त्याने लिहिलेलं मूळ पेपरशी जुळतं का ते तपासून देतो.

आणि पूर्ण पेपर मिळत नसेल तर मैत्रिणीच्या कॉलेजचा लॉगिन वापरू नका. आधी पबमेड सेंट्रल आणि अनपेवॉलवर पेपर फुकट आहे का बघा, नाहीतर लेखकाला दोन ओळींची मेल टाका, बरेच जण पाठवतात.