टाइलमधल्या त्या बारीक रेघा

तुझ्या गेममधला भुईकोट किल्ल्याचा नकाशा झकास जमलाय. तटाच्या दगडांमध्ये कॅमेरा सरकला की निळी रेघ चमकते, ती कोडची चूक नाही. अ‍ॅटलसमध्ये, म्हणजे सगळ्या टाइलांच्या एकत्र चित्रात, दगडाच्या शेजारी खंदकाचं पाणी आहे ना, त्याचाच रंग गळतोय. कॅमेरा अर्ध्या पिक्सेलवर थांबला की ग्राफिक्स कार्ड टाइलच्या कडेवर रंग उचलताना जरासं पलीकडचंही उचलतं.

नवीन माणूस इथे हमखास एक करतो: टाइलांमध्ये नुसती पारदर्शक जागा सोडतो. मग निळी रेघ जाते आणि तिथे मागचा रंग दिसायला लागतो, कारण आता कडेला पारदर्शकपणा मिसळतो. जागा हवीच, पण ती टाइलच्याच रंगाने भरलेली. कडेची पिक्सेलची ओळ बाहेर एकदा पुन्हा उमटवायची, चारही बाजूंना, कोपऱ्यांसकट. यालाच एक्सट्रूड म्हणतात.

तुझी टाइल 16 पिक्सेलची, म्हणजे आता अ‍ॅटलसमध्ये 18 ची जागा घेईल. नकाशा बनवायच्या टाइल्ड एडिटरमध्ये टाइलसेटचं एवढंच बदल:

- टाइलचा आकार 16 च ठेव. इथे 18 टाकलंस तर सगळा नकाशा बिघडेल.
- `Margin` 1, `Spacing` 2.

हाताने रंगवत बसू नकोस. अ‍ॅटलस बनवणाऱ्या टेक्स्चरपॅकरमध्ये `Extrude` 1 दे आणि `Border padding`, `Shape padding` दोन्ही 0 ठेव, की झालं.

नंतर कॅमेरा हळूहळू सरकवून बघ. तरीही मागचा रंग डोकावला, तर टाइलांमध्येच फट पडतेय; तेव्हा कॅमेऱ्याची जागा पूर्ण पिक्सेलवर आण. मिपमॅप, म्हणजे चित्राच्या लहान केलेल्या प्रती, सध्या बंदच ठेव, ते पुढे बघू.