चढावर ई-सायकलची मोटर बंद पडते तेव्हा

आधी बघा, मोटर थांबताना डिस्प्लेही विझतो का? विझत असेल तर थ्रॉटल खोलून तपासत बसू नका, वीजच तुटतेय. चढ संपताच बॅटरीचा कनेक्टर चाचपून बघा. तो तापलेला असेल किंवा पिन काळी पडली असेल, तर दोष बहुधा तिथेच. सपाटीवर करंट कमी लागतो, म्हणून सैल पिनही निभावून नेते. समजा ३६ व्होल्टच्या बॅटरीवर चढताना ३७ व्होल्ट दिसतात आणि मोटरला वीज सोडणाऱ्या कंट्रोलरपाशी ३१, तर मधले ६ व्होल्ट जोडणीतच जळतायत. पिन घासून भागवू नका, बॅटरी काढून कनेक्टरच बदला.

डिस्प्ले चालूच राहिला, तर थ्रॉटलच्या सिग्नल वायरवर मीटर लावा. पूर्ण पिळल्यावर साधारण साडेतीन-चार व्होल्ट टिकले पाहिजेत. ते टिकूनही मोटर थांबली, कंट्रोलर तापलेला असला आणि गार झाल्यावर पुन्हा चालू झाली, तर संशय कंट्रोलरवर घ्या.