एसओपीतल्या व्याकरणाच्या चुका पाठवण्याआधी कशा शोधू?

प्रश्न: यूकेच्या विद्यापीठासाठी एसओपी तयार आहे. वर्डमध्ये लाल रेघ कुठेच नाही. तरी चुका राहिल्या असतील का?

उत्तर: हो, असू शकतात. लाल रेघ फक्त स्पेलिंगची असते; काळाची चूक तिच्यातून सहज सुटते. आपल्याकडच्या एसओपींत मला सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे ‘आय हॅव कम्प्लीटेड माय बी.ई. इन 2022’. ‘पूर्ण केलं आहे’ या सवयीने ‘हॅव’ येतं. पण काम संपल्याचं ठरावीक वर्ष वाक्यात आलं की इंग्रजीत साधा भूतकाळच लागतो: ‘आय कम्प्लीटेड’.

म्हणून Ctrl+F दाबून have शोधा आणि त्या प्रत्येक वाक्यात साल किंवा ‘लास्ट इयर’ आहे का ते बघा. असेल आणि त्याच्याआधी since नसेल, तर have काढा आणि क्रियापद भूतकाळात करा. सालच नसेल, तर ‘आय हॅव वर्क्ड ऑन टू प्रोजेक्ट्स’ अगदी बरोबर आहे, त्याला हात लावू नका. has चाही असाच शोध घ्या. ‘आय ॲम हॅविंग एक्सपीरियन्स’ दिसलं, तर तिथे नुसतं ‘आय हॅव’ हवं.

मग प्रूफिंगची भाषा इंग्लिश (यूके) करा, नाहीतर programme खालीही रेघ येईल. शेवटी, आधी अर्ज केलेल्या विद्यापीठांची नावं शोधा. ती चूक व्याकरणाची नाही, पण सगळ्यांत महागात पडते.