वरमाईचं दोन मिनिटांचं भाषण

"मॅडम, मुलगा म्हणतोय रिसेप्शनला तूच बोल, विहीणबाईंच्या माणसांचं स्वागत कर, सुनेबद्दल दोन शब्द बोल. माइक म्हटलं की माझे हातपाय गार पडतात. विहीणबाई कॉलेजात शिकवतात, त्यांच्यासमोर मी काय बोलणार? आणि मध्येच रडू आलं तर?"

मी समुपदेशक आहे, आणि लग्नसराई सुरू झाली की मला हा फोन येतोच. आई बदलते, हॉल बदलतो, प्रश्न हाच. म्हणून एका केसबद्दल सविस्तर लिहितेय (नावं, गावं सगळं बदललंय). त्यांना आपण सुनंदाताई म्हणू.

सुनंदाताई येतानाच भाषण लिहून घेऊन आल्या होत्या, वहीची अडीच पानं. पहिलं अख्खं पान आभाराचं, दोन्हीकडचे काका, मामा, आत्या, हॉलवाले, केटरर, गुरुजी. मी त्यांना एवढंच विचारलं की यात कुणाचं नाव राहिलं तर काय होईल? त्या लगेच म्हणाल्या, "धाकट्या जाऊबाई वर्षभर बोलणार नाहीत." मग ती यादीच काढून टाकली. मानपानाच्या घरात नावांची यादी वाचायची म्हणजे सुरुंगावरून चालणं, कुणीतरी राहतंच. नावं घ्यायची ती फक्त सुनेच्या आईवडिलांची, आजी-आजोबा आले असतील तर त्यांची, बाकी सगळे "तुमच्याकडची सगळी मंडळी" मध्ये आले.

मग म्हटलं आता उभं राहून मोठ्याने वाचा. छान वाचत होत्या, आवाज स्पष्ट होता. आणि एका वाक्याला गाडी थांबली. वाक्य होतं, "आम्हाला मुलगी नव्हती, आजपासून गौरी आमची मुलगी." परत वाचायला सांगितलं, परत तिथेच आवाज गेला. आता ही जागा मी सोडत नसते. माणूस कुठे अडखळतो ते बघायचं, कारण भीती बहुतेक वेळा स्टेजची नसतेच, स्टेजवर जे बोलायचंय त्याची असते, हे माझं इतक्या वर्षांचं मत आहे आणि सुनंदाताईंनी ते आणखी पक्कं केलं.

"हे वाक्य तुम्हाला कुणी म्हटलं होतं का?"

बराच वेळ काही नाही. मग म्हणाल्या, "सासूबाईंनी. भर मांडवात. आणि पहिल्या दिवाळीला मला माहेरी जायला परवानगी नव्हती."

"आणि हे ऐकताना समोर बसलेल्या विहीणबाईंना काय वाटेल?"

"माझी आई रडली होती मॅडम तेव्हा. मला वाटलेलं आनंदाने रडतेय."

सगळा गुंता इथे होता. थोड्याच वेळापूर्वी ऐरणीदानाला त्या माउलीने मुलगी सुपूर्द केलेली असते, डोळे अजून ओले असतात आणि वर स्टेजवरून सांगायचं की आता ती आमची. म्हणणाऱ्याच्या मनात प्रेमच असतं, ऐकणारीला मात्र मुलगी गेल्याची पावती मिळते. आणि सुनंदाताईंना स्वतःलाच त्या वाक्यावर विश्वास नव्हता, म्हणून घसा दाटत होता. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विचारांनी काम करणारी आहे, म्हणजे मी आधी हे शोधते की माणूस स्वतःला काय सक्तीचं करून बसलाय. त्यांची सक्ती होती, सासूने असं बोलायलाच हवं. मी विचारलं, हे वाक्य नसेल तर गौरीला तुम्ही खरोखर काय देऊ शकता? त्या एका दमात म्हणाल्या, "माहेरी जायला मला विचारू नकोस, नुसतं सांगून जा." लिहून घ्या म्हटलं, हेच तुमचं भाषण.

शेवटी कार्डावर जे उरलं ते जसंच्या तसं देते:

"नमस्कार. मी निखिलची आई. माधवीताई, श्रीकांतराव आणि तुमच्याकडची सगळी मंडळी, तुमचं मनापासून स्वागत. साखरपुड्याला निखिल सहज म्हणाला की मला मेतकूट-भात आवडतो, तर चार दिवसांत माधवीताईंकडून घरच्या मेतकुटाचा डबा आला. वर चिठ्ठी होती, गौरीलाही लागतं, दोघांना पुरेल. ती चिठ्ठी मी जपून ठेवलीय. गौरी, तुझ्या पुस्तकांसाठी कपाट रिकामं केलंय. माहेरी जायला विचारायचं नाही, नुसतं सांगून जायचं. आणि ताई, तुम्हीपण कधीही या, फोन न करता. सगळ्यांनी पोटभर जेवून जा."

सावकाश वाचलं तरी मिनिटभरात होतं. दोन मिनिटांच्या वर जाऊच नका, लोक जेवणाकडे बघायला लागतात. यात बघा, विहिणीचं कौतुक "किती छान संस्कार केलेत" असं मोघम नाहीये, डबा आणि चिठ्ठी आहे. तुमच्याकडेही अशी एखादी गोष्ट असतेच, बोलणी चालू असतानाची, खरेदीची, ती शोधा. सापडत नसेल तर मुलाला विचारा.

काही वाक्यं मात्र चेष्टेतही नकोत. "स्वयंपाक येत नसला तरी चालेल, आम्ही शिकवू" हे ऐकून सुनेच्या आईचा चेहरा काय होतो ते मी पाहिलंय. "आता मुलगा गेला हातातून" हेही नको, हशा होतो पण पुढे घरात ते फिरून येतं. आणि आंतरजातीय लग्न असेल तर "आम्ही तिला स्वीकारलं" हे तर अजिबात नको, उपकार केल्यासारखं वाटतं आणि समोरच्या माणसांना ते बरोब्बर कळतं.

आता हातपाय गार पडण्याचं. ते पडणारच, धडधड सुरुवातीलाच सगळ्यात जास्त असते आणि बोलत राहिलं की बहुतेकांची आपोआप उतरते, म्हणून पहिली दोन वाक्यं पाठच पाहिजेत, बाकीचं बघून वाचा. फोनवरून वाचू नका, स्क्रीन बंद पडते आणि चष्मा शोधावा लागतो. जाड कार्डावर मोठ्या अक्षरात, एका ओळीत एकच वाक्य. सुनंदाताईंनी आधी नवऱ्यासमोर वाचलं, मग नणंदेच्या घरी चार बायकांसमोर, मग सोसायटीच्या हळदीकुंकवात माइकवर नुसतं स्वागत केलं. हात थरथरत होते तरी बोलता येतं हे त्यांना तिथे कळलं, आणि मी कितीही समजावलं असतं तरी ते असं पटलं नसतं.

वेळही बघा. फोटोची रांग एकदा लागली की कुणी ऐकत नाही, म्हणून रांगेच्या आधीच बोलायचं, डीजेला आणि फोटोग्राफरला सकाळीच सांगून ठेवायचं, आणि विहीणबाईंच्या मंडळींना पुढच्या खुर्च्यांवर बसवायचं. नाहीतर ज्यांचं स्वागत करतोय तेच तिकडे ज्यूसच्या काउंटरवर.

आणि रडू आलं तर? थांबा, श्वास सावकाश सोडा, कार्डावरची पुढची ओळ शोधा. लग्नात आई रडली तर कुणी नावं ठेवत नाही. अगदीच आवाज फुटला नाही तर कार्ड कुणाच्या हातात द्यायचं ते आधी ठरवून ठेवा, नवऱ्याला नको, ते स्वतःचं भाषण सुरू करतात. सुनंदाताईंनी नणंदेला बाजूला उभं केलं होतं. "सांगून जायचं" या ओळीला आवाज गेलाच, थोडं थांबल्या, परत तीच ओळ म्हणाल्या आणि पुढचं नीट झालं, नणंदेला माइक द्यावा लागला नाही.